घड आणि घोस एकाच प्रश्नात नकोत

‘द्राक्षांचा —’ असा अर्धा शब्दसमूह आणि खाली चार पर्याय : जुडी, घड, मोळी, घोस. शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांत आणि भरतीच्या पुस्तकांत या धाटणीचा प्रश्न हमखास भेटतो. उत्तरतालिकेत कुठे घड असतो, कुठे घोस. व्याकरणाच्या पुस्तकातली समूहदर्शक शब्दांची यादी उघडावी, तर तिथे ‘द्राक्षांचा घड, घोस’ असे दोन्ही शब्द स्वल्पविराम देऊन शेजारी शेजारी छापलेले असतात. यादीत दोन्ही बरोबर आणि परीक्षेत मात्र एकच बरोबर. यात मुलाच्या भाषेची कसली परीक्षा होते, हा माझा प्रश्न आहे. जवळच्या अर्थाचे, दोन्ही रूढ असलेले समूहदर्शक शब्द एका उत्तराच्या प्रश्नात एकत्र ठेवू नयेत, आणि ठेवायचेच असतील तर दोन्हींना गुण द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी नाशिक जिल्ह्यात मराठी शिकवते. निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी बाग असते, नाहीतर आईवडील बागेत कामाला जातात. या मुलांना ‘घड’ हा शब्द पुस्तकातून कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की काडीवरचे डोळे फुटतात, पोंगा सुटतो आणि कोवळ्या पानांच्या आडून बोटाच्या पेरापेक्षा लहान असा हिरवा तुरा डोकावतो. तो दिसला की घरात पहिली चौकशी होते ती ‘घड निघाले का?’ अशी. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस लागून राहिला, हवा ढगाळ राहिली, तर निघालेला घड मोठा होण्याऐवजी बारीक होत जातो, त्याची बाळी होते, म्हणजे वेलीला आधारासाठी फुटणाऱ्या त्या वळणदार धाग्यात तो संपून जातो. याला ‘घड जिरणं’ म्हणतात. एका आठवड्यात अख्ख्या वर्षाचं गणित बिघडवणारी ही गोष्ट आहे आणि ती या मुलांनी घरात ऐकलेली असते. पुढे विरळणीच्या वेळी घडाच्या जास्तीच्या पाकळ्या काढतात, दाटी झालेले मणी काढतात, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतात. काढणीला मण्यांना हात न लावता देठ धरून घड कात्रीने कापायचा आणि क्रेटमध्ये ठेवायचा. छाटणीपासून पॅकिंगपर्यंत सगळीकडे घडच. ‘घोस जिरला’ किंवा ‘घोसाची विरळणी केली’ असं कुणी म्हणत नाही.

म्हणून ‘घोस’ चुकीचा ठरतो का? अजिबात नाही. मांडवाखाली उभं राहून वर बघितलं की दिसतात ते द्राक्षांचे घोसच. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन शब्दांची नजर वेगळी आहे. घड म्हणताना आपण मधला दांडा धरतो. केळीचा घड घ्या, द्राक्षाचा घ्या, सगळं फळ एका दांड्यावर भरलेलं असतं, म्हणून तो घड एका घावात उतरतो, मोजता येतो, उचलून ठेवता येतो. केळीच्या घडात पुन्हा फण्या असतात आणि फणीत केळी. घोस म्हणताना लोंबणं, दाटी आणि डौल डोळ्यांसमोर येतो. आंब्याच्या फांदीला एकत्र लटकलेल्या कैऱ्यांचा घोस, मोत्यांचा घोस, फुलांचा घोस. तिथे दांडा एक असायलाच हवा असं नाही, एकत्र लोंबणं पुरेसं आहे. द्राक्षांमध्ये या दोन्ही गोष्टी जमून आल्या आहेत : दांडा एकच आहे आणि लोंबणंही आहे. म्हणून भाषेने तिथे दोन्ही शब्द ठेवले. शेतकरी एक वापरतो, कवी दुसरा वापरतो, आणि यादी करणाऱ्याने प्रामाणिकपणे दोन्ही लिहून ठेवले. घोळ यादीत नाही. यादीतला स्वल्पविराम पुसून त्या जागी ‘की’ घालणाऱ्या प्रश्नात घोळ आहे.

आता तोच प्रश्न जरा जवळून पाहू. ‘द्राक्षांचा’ यातला ‘चा’ बघा. रिकाम्या जागी येणारा शब्द पुल्लिंगी हवा, हे त्या एका अक्षराने आधीच सांगून टाकलं आहे. जुडी स्त्रीलिंगी, मोळी स्त्रीलिंगी. ‘द्राक्षांचा जुडी’ कानालाच खटकतं, त्यामुळे द्राक्षांचा किंवा जुडीचा विचार न करताच हे दोन पर्याय गळतात. उरतात घड आणि घोस, म्हणजे नेमके ते दोन जे दोन्ही बरोबर आहेत. चुकीचे पर्याय लिंगाने बाद झाले आणि बरोबर पर्यायांमध्ये मुलाला चिठ्ठी टाकायला लावली. समूहदर्शक शब्दाचं ज्ञान या प्रश्नात कुठेही तपासलं गेलं नाही.

हा दोष एका प्रश्नापुरता नाही. ‘मडक्यांची —’ आणि पर्याय ढीग, गठ्ठा, उतरंड, संच. चौघांत स्त्रीलिंगी एकटी उतरंड. ज्या मुलाने जन्मात उतरंड पाहिलेली नाही, मोठं मडकं खाली आणि त्यावर उतरत्या आकाराची मडकी रचतात हे ज्याला ठाऊक नाही, तोही ‘ची’ बघून बरोबर उत्तर देतो. शिक्षक खूश, मूल खूश, आणि शब्द तसाच अनोळखी राहतो. मराठीला तीन लिंगं आहेत आणि षष्ठीचा प्रत्यय पुढच्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे बदलतो. त्यामुळे समूहदर्शक शब्दांचा प्रश्न काढणाऱ्याला ही अडचण टाळताच येत नाही. पर्याय वेगवेगळ्या लिंगांचे घेतले तर उत्तर फुटतं. एकाच लिंगाचे घेतले तर जवळचे शब्द एकत्र येण्याचा धोका वाढतो. प्रश्न काढणं इथे खरोखर कठीण आहे, हे मी मान्य करते. म्हणूनच ते यादीवरून भराभर उतरवून काढण्याचं काम नाही.

दुसरं उदाहरण गवताचं. याद्यांमध्ये ‘गवताचा भारा’, ‘गवताची पेंढी’, ‘गवताची गंजी’ असे तिन्ही शब्द मिळतात, आणि ते एकाच अर्थाचे असावेत अशा थाटात मिळतात. प्रत्यक्षात या पायऱ्या आहेत. कापलेल्या गवताच्या मुठी एकत्र करून गवताच्याच पिळाने बांधली की पेंढी होते, ती एका हाताने उचलता येते. पुष्कळ गवत एकत्र करून दोरीने आवळलं की भारा होतो, तो डोक्यावर घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी उचलून द्यावा लागतो. गोठ्याजवळ पेंढ्या रचून पावसाळ्यासाठी जे ठेवतात ती गंजी. ती कुणी उचलत नाही, तिच्यातून रोज थोडं काढतात. एक हातात, एक डोक्यावर, एक जमिनीवर. आता ‘गवताची —’ असा प्रश्न करून पर्यायांत पेंढी आणि गंजी दोन्ही ठेवले, तर मुलाने काय ओळखायचं? ‘ची’ दोघींना चालते आणि गवतही दोघींचंच असतं. पण ‘आजीने म्हशीपुढे गवताची एक — टाकली’ असं वाक्य दिलं की प्रश्न स्वच्छ होतो. गंजी कुणी म्हशीपुढे टाकत नाही. शब्दाचं माप वाक्याने सांगितलं आणि मुलाला विचार करावा लागला.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. परीक्षा साऱ्या राज्याची असते, तपासणी यंत्रावर होते, लाखो उत्तरपत्रिका असतात. प्रत्येक गावचा शब्द बरोबर मानायचा म्हटलं तर परीक्षा घ्यायची कशी? काहीतरी प्रमाण लागणारच. मला हे मान्य आहे. लासलगावकडच्या मुलाला ‘कांद्यांची’ म्हटलं की पुढे ‘चाळ’ सुचते. पण चाळ ही कांदा साठवायची जागा आहे, कांद्यांच्या समूहाचं नाव नाही. रिकामी चाळही चाळच असते. ते उत्तर मी बरोबर धरणार नाही. गावाकडचं आहे म्हणून सगळं बरोबर, असं माझं म्हणणं नाही.

यादीचाही मला राग नाही. माशांची किंवा काजूंची गाथण हा शब्द आमच्याकडच्या मुलाला ऐकू येण्याची शक्यता जवळजवळ नाही. पिकत घातलेल्या आंब्यांची अढी, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत हे शब्द घरातून कमी होत चालले आहेत. ते यादीतून का होईना मुलांपर्यंत पोचतात, हे चांगलंच आहे. असे शब्द परीक्षेत जरूर विचारावेत. गाथण, अढी, उतरंड यांना बरोबरीचा दुसरा दावेदार नाही, त्यामुळे तिथे एकच उत्तर मागणं न्याय्य आहे. भांडण आहे ते दावेदार असलेल्या शब्दांचं.

आणि प्रमाणाचाच मुद्दा असेल, तर तो माझ्याच बाजूने जातो. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबीर आणि मेथी जुडीवर विकली जाते, भाव शेकड्याचा निघतो. पुण्याच्या मंडईत त्याच मेथीची गड्डी होते. कोल्हापूरकडे पेंडी म्हणतात. याद्यांमध्ये पालेभाजीसाठी जुडी आणि गड्डी दोन्ही दिलेले असतात. राज्यभराच्या परीक्षेत ‘मेथीची —’ विचारून हे शब्द एकमेकांसमोर उभे केले, तर उत्तर मुलाच्या अभ्यासावर नव्हे, त्याच्या जिल्ह्यावर ठरतं. सगळ्यांना सारखं मोजायचं असेल, तर पर्यायांत यांतला एकच शब्द ठेवायला हवा. बाकीचे तीन घोळका, थवा, कळप असे घेतले तर ‘ची’ने उत्तर फुटेल. म्हणून टोळी, रास, चवड असे स्त्रीलिंगीच घ्यावेत, पण भाजीपासून दूरचे. नाशिकचं मूल, पुण्याचं मूल आणि कोल्हापूरचं मूल मग एकाच रेषेवर उभं राहतं.

सिंहस्थामुळे आमच्याकडे आणखी एक शब्द अडतो. यादी सांगते, ‘साधूंचा जथा’. नाशिकच्या मुलाने साधू पाहिलेले असतात ते आखाड्यांच्या नावाने. गोदाकाठी वैष्णवांचे तीन अनी आखाडे, दिगंबर, निर्मोही आणि निर्वाणी, तर त्र्यंबकेश्वरला शैव आखाडे. म्हणून पर्यायांत ‘आखाडा’ आला तर आमचं मूल त्यावर खूण करणार. कुणी म्हणेल, आखाडा ही संस्था आहे, साधू यात्रेला गेले तरी आखाडा राहतो, जथा मात्र साधू एकत्र चालत असतात तोवरच असतो. हा फरक अगदी खरा आहे. पण मग त्याच यादीत ‘खेळाडूंचा संघ’ आणि ‘महिलांचे मंडळ’ कसे? संघ आणि मंडळ याही संस्थाच आहेत, सामना नसला तरी संघ असतो. तिथे संस्था चालते, तर आखाडा कोणत्या नियमाने चूक? या प्रश्नाला उत्तरतालिकेकडे उत्तर नाही. म्हणून ‘जथा’ विचारताना ‘आखाडा’ पर्यायांत न घेणं हेच शहाणपणाचं. ‘जथा’ बरोबर तांडा, ताटवा, थवा घ्या. हे सगळे पुल्लिंगी आहेत. तांडा उंटांचा किंवा लमाणांचा, सामानासुमानासह वाट कापणारा. ताटवा फुलझाडांचा. थवा पक्ष्यांचा. इथे मुलाला शब्दांचे अर्थ खरोखर माहीत असावे लागतात आणि उत्तरावर वाद होत नाही.

उलट ‘जहाजांचा —’ या प्रश्नाचं बघा. यादीत जहाजांना काफिला आणि विमानांना ताफा दिलेला असतो. वर्तमानपत्रात मात्र मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा असतो, नौदलाच्या जहाजांचाही ताफाच असतो. रोज पेपर वाचणारा मुलगा ‘ताफा’ निवडतो आणि गुण गमावतो. यादी पाठ केलेला ‘काफिला’ निवडतो आणि गुण मिळवतो. वाचणाऱ्या मुलाला तोटा होईल असा भाषेचा प्रश्न असूच नये.

प्रश्न काढणाऱ्यांनी दोन साध्या चाचण्या लावाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. पहिली : प्रश्नातलं नाम हाताने झाका आणि फक्त ‘—चा’, ‘—ची’ किंवा ‘—चे’ एवढंच ठेवून पर्याय वाचा. तेवढ्यावर उत्तर कळत असेल किंवा काही पर्याय गळत असतील तर प्रश्न बाद. दुसरी : चारही पर्याय एकेक करून त्या जागी बसवा आणि मोठ्याने वाचा. दोन पर्याय बसले तर एक काढा, नाहीतर दोनांपैकी एकच बसेल असं वाक्य घाला. ‘द्राक्षांचा : जुडी, घड, मोळी, घोस’ हा प्रश्न दोन्ही चाचण्यांत नापास होतो. पहिल्या चाचणीत जुडी आणि मोळी नाम न बघताच गळतात, दुसऱ्या चाचणीत घड आणि घोस दोन्ही बसतात. एका प्रश्नाला हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दोन बरोबर उत्तरांची तपासणी यंत्रावर होत नाही, ही सबबही टिकत नाही. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर ठेवून, दोन्ही नोंदवल्याशिवाय गुण न देण्याची पद्धत वापरली गेली आहे. ही सोय समूहदर्शक शब्दांसाठी अगदी योग्य आहे. ‘द्राक्षांचा’ विचारा, पर्याय द्या घड, ताटवा, घोस, गठ्ठा, आणि दोन ओळखा म्हणा. चौघेही पुल्लिंगी, त्यामुळे ‘चा’ काही सांगत नाही. एकच शब्द पाठ केलेलं मूल अडेल, दोन्ही शब्द ओळखणारं मूल पुढे जाईल. स्वल्पविराम देऊन यादीने जे सांगितलं होतं, तेच इथे तपासलं जाईल. लहान वर्गासाठी दोन उत्तरं जड वाटत असतील, तर घोस बाजूला ठेवून वाक्य द्यावं : ‘बाबांनी कात्रीने देठ कापून द्राक्षांचा एक — क्रेटमध्ये ठेवला.’ पर्याय थवा, घड, ताटवा, गठ्ठा. यासाठी बाग पाहिलेली असण्याची गरज नाही, आणि पाहिलेली असली तर त्याचा तोटाही नाही.

अंतरिम उत्तरतालिका निघाली की हरकती मागवल्या जातात. तिथे पालक आणि शिक्षक बहुतेक वेळा एखाद्या मार्गदर्शक पुस्तकाचं पान पुरावा म्हणून जोडतात, आणि समोरून दुसऱ्या पुस्तकाचं पान येतं. दोन यादींचं भांडण यादीने मिटत नाही. हरकत घेताना ज्या यादीत दोन्ही शब्द एकत्र छापले आहेत ते पान जोडावं, आणि मागणी उत्तर बदलण्याची न करता दोन्ही पर्याय ग्राह्य धरण्याची करावी. उत्तर बदललं तर ज्यांनी दुसरा बरोबर शब्द निवडला त्या मुलांवर तोच अन्याय उलटा होतो. प्रश्न रद्द केला तर ज्यांना दोन्ही शब्द येत होते त्यांची मेहनत वाया जाते. तालुक्याच्या सराव परीक्षांचे पेपर तर आपणच शिक्षक काढतो. तिथे कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. या वर्षीचा पेपर छापायला जाण्याआधी समूहदर्शक शब्दांचे प्रश्न शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना नाम झाकून दाखवता येतील.